पाकीट रिकामं आलं तरी चालेल

पाचवीच्या माझ्या एकतीस मुलांच्या आई-बाबांना, आणि ज्या घरांत सध्या आजी-आजोबाच मुलांना सांभाळत आहेत त्यांना, सप्रेम नमस्कार.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन आहे. त्यासाठी मला तुमच्यापैकी काही जणांची मदत हवी आहे आणि थोडे पैसेही लागणार आहेत. दोन्ही गोष्टी मागताना मागच्या वर्षी माझ्याकडून एक मोठी चूक झाली. यंदा ती होऊ नये म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे.

मागच्या वर्षी मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पैसे पाठवायचा क्यूआर कोड टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "ऐच्छिक." माझ्या मनात ते खरंच ऐच्छिक होतं. दहा मिनिटांत एका पालकांनी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि मी त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग दुसरा स्क्रीनशॉट आला, तिसरा आला. रात्रीपर्यंत अकरा झाले आणि प्रत्येकाखाली मी हात जोडत गेले. मला वाटलं, मी आभार मानते आहे. ज्यांनी काहीच टाकलं नव्हतं त्या वीस घरांना मात्र ती हजेरी वाटत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ते ध्यानात आलं तिसऱ्या दिवशी. तांड्यावरची काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हे आपल्याला माहीत आहे. त्यातल्या एका वडिलांचा रात्री साडेनऊला फडावरून फोन आला. मुलगी कशी आहे, अभ्यास करते का, असं विचारून झालं. मग थोडं थांबून ते म्हणाले, "म्याडम, बाकीच्याईनं किती किती देल्ले? मुकादमाले सांगून उद्या टाकतो." मुकादमाला सांगून म्हणजे उचलीत आणखी वाढवून. मुलीच्या नाचाच्या ड्रेसचं दोनशे रुपये भाडं त्यांच्या उचलीच्या हिशोबात चढणार होतं, आणि ते फिटेपर्यंत त्यांना ऊस तोडावा लागणार होता. मी त्यांना नको म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी पैसे आलेच. पुढे मुख्याध्यापकांशी बोलून मी ते परत पाठवले, पण त्या रात्री त्यांना जे वाटलं असेल ते मला परत घेता आलं नाही. ही गोष्ट त्यांना विचारून, नाव न घालता लिहिते आहे.

त्यानंतर मी हिशोबाची वही घेऊन बसले. मागच्या वर्षी एकतीस मुलांचे ड्रेस तालुक्याच्या गावाहून भाड्याने आणले होते. प्रत्येकी दोनशे म्हणजे सहा हजार दोनशे. आणण्या-नेण्याच्या गाडीचे सहाशे. दोन ओढण्या फाटल्या आणि एक फेटा हरवला, त्याची भरपाई साडेचारशे. एकूण 7,250 रुपये, आणि ते कपडे मुलांच्या अंगावर जेमतेम वीस मिनिटं होते. जानेवारीत पऱ्हाटीला बोंडं विरळ झालेली असतात. या दिवसांत वेचणीला गेलेल्या बाईचा दिवसभरात अठरा-वीस किलोवर कापूस होत नाही, आणि किलोला दहा रुपये धरले तरी एका ड्रेसचं भाडं म्हणजे तिची अख्ख्या दिवसाची रोजी. पाचवीत शिकणाऱ्या मुलाच्या नाचासाठी ही रोजी मागायचा मला काही अधिकार नाही. आपल्या शाळेतलं शिक्षण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत आहे, आणि स्नेहसंमेलन हा शाळेचाच भाग आहे. पैसे दिले नाहीत म्हणून एकही मूल कार्यक्रमातून वगळलं जाणार नाही, मागच्या रांगेतही ढकललं जाणार नाही.

म्हणून यंदा आधी खर्चच कमी केला. मंडप, साऊंड आणि जनरेटरचं मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती बघत आहेत, त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही. आपल्या वर्गाचे दोन कार्यक्रम ठरले आहेत. सतरा मुलं वेचणीवर एक छोटं नाटुकलं करणार आहेत, ते मुलांनीच रचलं आहे. चौदा मुलं लेंगी करणार आहेत. वेचणीच्या नाटुकल्याला घरातलं जुनं लुगडं, दुपट्टा, बाबांचा शर्ट, टोपी एवढंच लागतं, आणि खरं सांगायचं तर भाड्याच्या चकचकीत ड्रेसमध्ये वेचणी खोटीच दिसली असती. ज्या मुलाकडे ठरलेला कपडा नसेल त्याच्यासाठी माझ्याकडे तीन साड्या आणि चार दुपट्टे आहेत. कोणाला काय मिळालं हे कळू नये म्हणून रंगीत तालमीच्या दिवशी सगळ्यांचेच कपडे एका पेटीत जमा होतील आणि तिथूनच वाटले जातील.

लेंगीबद्दल तांड्यावरच्या घरांना वेगळं सांगायचं आहे. लेंगी होळीची. जानेवारीत ती म्हणवून घ्यायची की नाही, हे मी आधी तांड्यावर येऊन विचारलं. मुलांना शिकवण्यापुरतं चालेल, असं मोठ्या माणसांनी सांगितलं तेव्हाच पुढे गेले. आता मुली घरी जाऊन आजीचा जुना फेटिया आणि कांचळी मागत आहेत, असं कानावर आलं. कृपा करून देऊ नका. आरशांच्या, कवड्यांच्या, हाताने टाके घातलेल्या त्या कपड्यावर आजीची कित्येक वर्षं गेली आहेत. वजनाला तो इतका भारी की दहा वर्षांच्या मुलीला त्यात गोल फिरताच येत नाही, आणि धक्काबुक्कीत एखादी कवडी तुटून पडली तर ती कशाने भरून द्यायची? घरचा साधा घागरा पुरे. आजींकडून मला फेटिया नको, पावलं हवी आहेत. सध्या आम्ही चुकीच्या तालावर वळतो आहोत, हे मुलींनाच कळतं, पण नेमकं कुठे चुकतं ते मला दाखवता येत नाही. एखाद्या आजीला शुक्रवारी बाजाराला येता-जाता शाळेत अर्धा तास बसता आलं, तर माझं मोठं काम होईल.

आता पैशांबद्दल. कपडे वगळल्यावर वर्गाला लागणारे पैसे असे आहेत. कार्डशीट, रंग, गोंद यांना साडेतीनशे. सेफ्टी पिना, रिबनी, कुंकू, काजळ यांना अडीचशे. कार्यक्रमाच्या संध्याकाळी मुलांना चिवडा आणि केळ, एका मुलाला वीस रुपये धरून सहाशे वीस. दोन बॅटऱ्या तीनशे. मलमपट्टीचं सामान एकशे ऐंशी. हे सतराशे झाले, वर अडीअडचणीला तीनशे. एकूण दोन हजार. मागच्या वर्षी सव्वासात हजार लागले होते आणि यंदा दोन हजारांत भागतं आहे. तेव्हा मागच्या वर्षी मी आधी विचार करायला हवा होता, हे मला मान्य आहे.

या पत्रासोबत प्रत्येक घराला एक खाकी पाकीट मिळेल. एकतीसही पाकिटं सारखी आहेत, कोणावरही नाव नाही, नंबर नाही. त्यात तुम्हाला वाटेल ते ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका, पण चिकटवून परत मात्र नक्की करा. रिकामं पाकीट परत येणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. फक्त पैसे देणाऱ्यांचीच पाकिटं आली तर पाकिटं टाकायच्या पेटीपाशी दिसलेल्या माणसाने पैसे दिले आणि न दिसलेल्याने दिले नाहीत, असा अर्थ लगेच निघतो. सगळेच पाकीट टाकायला आले की त्या येण्यावरून कोणाला काही समजत नाही. देणाऱ्यांनी शक्यतो नोटा ठेवाव्यात, नाण्यांचा आवाज होतो.

पाकीट मुलांजवळ पाठवू नका. मुलं वाटेत पाकीट उन्हाकडे धरून बघतात, हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि पाचवीतल्या मुलाच्या तोंडून "तुझं रिकामं होतं" हे शब्द एकदा बाहेर पडले की मग तुम्ही-आम्ही कोणी ते पुसू शकत नाही. कार्यालयाच्या व्हरांड्यात खिडकीच्या गजाला कुलूप लावून पेटी अडकवली आहे. सकाळी वावरात जाताना, संध्याकाळी परतताना किंवा बाजाराच्या दिवशी, घरातल्या कोणाही मोठ्या माणसाने टाकलं तरी चालेल. पेटीची किल्ली माझ्याकडे नाही. ती व्यवस्थापन समितीतल्या एका आईकडे आहे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, हा नियम अशाच कामासाठी उपयोगी पडतो. समितीचे अध्यक्ष, त्या आई आणि मी असे तिघं मिळून पाकिटं फोडू. फाटकी पाकिटं एकत्र बाजूला जातील आणि वहीत फक्त एकूण रक्कम लिहिली जाईल. समितीच्या नावाने त्या एकूण रकमेची पावती फाडली जाईल आणि ती कार्यालयाच्या बाहेर लावली जाईल. कार्यक्रमानंतर आठ दिवसांत खर्चाची बिलंही तिथेच लागतील.

दोन हजारांहून जास्त जमले तर? मागच्या वर्षी जास्त आलेल्या पैशांतून आम्ही फुगे आणले होते. यंदा तसं करायचं नाही असं ठरवलं आहे. वरचे पैसे समितीच्या वहीत जमा होतील आणि त्यांचं काय करायचं हे पुढच्या पालकसभेत तुम्हीच ठरवा. कमी जमले तर आधी मलमपट्टी आणि बॅटऱ्या घेऊ, मग चिवड्याऐवजी मुरमुरे-फुटाणे, आणि सजावट सगळ्यात शेवटी. दुसऱ्यांदा मागणार नाही. एका पालकांनी मोकळ्या मनाने सांगितलं की सगळा खर्च मी एकटाच देतो, फक्त बॅनरवर नाव टाका. त्यांचा हेतू चांगला आहे. पण एक नाव बॅनरवर लागलं की उरलेली तीस नावं तिथे का नाहीत हे प्रत्येक मूल वाचणार, म्हणून मी त्यांना नम्रपणे नाही म्हटलं. माईकवरूनही देणगीदारांची नावं वाचली जाणार नाहीत, आणि ग्रुपवर पैशांबद्दल कोणी काही टाकू नये म्हणून कार्यक्रम होईपर्यंत ग्रुप "फक्त ॲडमिन" वर ठेवला आहे. त्या काळात मुलाच्या आजारपणाचं वगैरे काही असेल तर मला सरळ फोन करा.

पैशांहून जास्त अडचण मला माणसांची आहे. ती कामं नीट समजावून सांगते, म्हणजे आपल्याला जमेल की नाही हे तुम्हाला घरीच ठरवता येईल.

सगळ्यात नाजूक काम कपडे घालण्याचं. मागच्या वर्षी एका खोलीत, एका दिव्याखाली, मी एकटी एकतीस मुलांना तयार करत होते. घाईत एका मुलीच्या कमरेला लावलेली पिन उघडी राहिली. नाचता नाचता ती टोचत होती आणि मुलगी रडत नाचत होती. प्रेक्षकांना वाटलं ती घाबरली आहे. लुगडं लहान मुलीला नेसवताना निऱ्या आतल्या परकराच्या किंवा चड्डीच्या नाडीत खोचून वरून घट्ट बांधल्या तर पिन दोन-तीनच लागतात, आणि त्याही कापडाच्या दोन पदरांत आडव्या घालाव्यात, म्हणजे उघडल्या तरी टोक अंगाकडे येत नाही. हे तुम्हा आयांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. मुलींच्या खोलीत दोन आया आणि मुलांच्या खोलीत एक बाबा किंवा काका हवेत, संध्याकाळी पाच ते साडेसहा. तुमचं स्वतःचं मूल दुसऱ्याच्या हातून तयार होईल, हे मात्र ठरवूनच करू. नाहीतर प्रत्येक आई आधी आपल्याच मुलाकडे वळते, यात तिचा काही दोष नाही.

दुसरं काम स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभं राहण्याचं. पायऱ्या तीनच आहेत, पण कठडा नाही. मुलं स्टेजवरच्या झगझगीत उजेडातून उतरतात तेव्हा त्यांना काही क्षण पुढचं काही दिसत नाही आणि दोन मुलं तरी दरवर्षी शेवटची पायरी चुकतात. कडांवर चुन्याची पट्टी मी आदल्या दिवशी ओढून घेते. तिथे बॅटरी घेऊन दोन माणसं हवीत, एक चढणाऱ्या बाजूला, एक उतरणाऱ्या. कार्यक्रमभर नाही, फक्त आपल्या वर्गाच्या वेळेपुरतं, साधारण अर्धा तास.

तिसरं काम वायरिंगचं ज्याला कळतं त्याचं. आपल्याकडे मोटारी बसवणारे, स्टार्टर दुरुस्त करणारे दोन-तीन बाबा आहेत. जानेवारीत रात्री गवतावर दव पडतं आणि जनरेटरची वायर नेमकी मैदानातून जाते. वायरचा प्रत्येक जोड जमिनीपासून वर बांधलेला आहे ना, मुलांच्या वाटेवरून वायर जात नाही ना, जनरेटरचा धूर खोलीच्या खिडकीकडे येत नाही ना आणि चालू जनरेटरमध्ये कोणी पेट्रोल ओतत नाही ना, एवढं दुपारी एकदा आणि सुरू झाल्यावर एकदा बघायचं आहे. साऊंडवाला त्याचं बघतोच, पण त्याला गर्दीची घाई असते. आपली मुलं तिथे अनवाणी फिरणार, म्हणून बघणारा आपला माणूस हवा.

कार्यक्रम यंदा साडेसहाला सुरू करून साडेआठच्या आत संपवायचा असं आम्ही शिक्षकांनी ठरवलं आहे. रात्री दहानंतर भोंगा लावायला कायद्याने मनाई आहेच, पण आमचं खरं कारण वेगळं आहे. त्या आठवड्यात वावरातली लाईन रात्रीची आहे, म्हणजे बऱ्याच बाबांना हरभऱ्याला पाणी द्यायला जावं लागणार. शिवाय रानडुकरांमुळे काही जण जागलीवर असतात. साडेसहाला आपल्या मुलाचं बघून माणूस वावरात वेळेवर पोहोचू शकतो. आला नाही तरी त्याच्या मुलाला मी समजावेन. वेळ लवकरची असली तरी तांड्याची दोन किलोमीटरची वाट तेव्हा काळोखी असणार, म्हणून मुलांना सोडायला तीन मोठी माणसं हवीत. एक पुढे, एक मध्ये, एक शेवटी. निघताना मी नावं मोजून देईन आणि प्रत्येक मूल दारात कोणाच्या तरी हाती दिलं की मला फोन करायचा. मुलं आपली आपण गेली तर चालेल असं यंदा मी कोणालाही म्हणू देणार नाही.

आणि शेवटचं काम, जे माझ्या मनाशी सगळ्यात जवळचं आहे. आपल्या वर्गातल्या चार मुलांचे आई-बाबा फडावर आहेत. त्यांना कार्यक्रम दिसावा म्हणून ज्याच्या मोबाईलचा कॅमेरा बरा आहे अशा एकाने चित्रीकरण करावं. मोबाईल आडवा धरायचा, दुसऱ्या ओळीच्या मधोमध बसायचं आणि कोणाच्या सांगण्यावरून जागा सोडायची नाही. लेंगीत मुलं गोल फिरतात, म्हणून प्रत्येक चेहरा एकदा तरी समोर येतो, पण नाटुकल्यात मागे उभ्या राहणाऱ्या मुलांची एक-एक ओळ मी मुद्दाम पुढे येऊन म्हणायला लावली आहे. ही सगळी मुलं त्यात दिसली पाहिजेत. फडावर नेटवर्क कमी असतं, म्हणून अख्खं चित्रीकरण न पाठवता त्या चार मुलांचे छोटे तुकडे करून त्यांच्या घरी वेगवेगळे पाठवीन. दुसऱ्याच्या मुलीचं चित्रीकरण कोणीही स्टेटसला ठेवू नये, ही विनंती आहे.

ज्यांना यातलं काही जमेल त्यांनी शाळेत येताजाता मला सांगावं किंवा फोन करावा. ज्यांना जमणार नाही त्यांनी काहीच कळवायची गरज नाही. वेचणी आहे, तूर सोंगायची आहे, घरात म्हातारं माणूस आजारी आहे, ही कारणं तुम्ही मला सांगत बसावीत असं मला वाटत नाही. मी कोणालाही "तुम्ही का नाही आलात" असं विचारणार नाही, मुलांना तर मुळीच नाही. मदत करणाऱ्यांच्या मुलांना त्यासाठी पुढची जागा किंवा जास्त ओळी मिळणार नाहीत. मुलांच्या भूमिका कालच चिठ्ठ्या टाकून ठरल्या आहेत आणि त्या आता बदलणार नाहीत.

ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांच्यासाठी हे पत्र मी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तांड्यावर सेवालाल महाराजांच्या देवळापुढे आणि बुधवारी त्याच वेळी गावात शाळेच्या व्हरांड्यात मोठ्याने वाचून दाखवीन. तिथे पेटी आणणार नाही. पाकिटं संक्रांतीनंतरच्या शुक्रवारपर्यंत टाकायची आहेत. ज्यांना पाकीट मिळालं नाही किंवा पोरांनी त्याचं विमान केलं, त्यांनी दुसरं मागून न्यावं, माझ्याकडे दहा जास्तीची आहेत.

आपल्या मुलांची,
पाचवीची वर्गशिक्षिका,
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, यवतमाळ जिल्हा